जागा कंपनीत, बायोडेटा माझ्या फोनमध्ये

«मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक जागा निघाली. कुणाचं तरी भलं होईल म्हणून मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं : ‘आमच्या कंपनीत अकाउंट्समध्ये जागा आहे. पदवीधर, २ वर्षे अनुभव. इच्छुकांनी मला बायोडेटा पाठवावा.’ चार दिवसांत ५७ बायोडेटा आले. निम्म्यांचा हिशेबाच्या कामाशी काही संबंध नव्हता. तरी मी सगळे एकत्र करून एचआरला मेल केले. एकालाही फोन आला नाही. लोक मला विचारत राहिले, मी टाळत राहिले. शेवटी एका काकूंनी ग्रुपवरच लिहिलं की या जागा आधीच ठरलेल्या असतात, ग्रुपवर नुसतं दाखवायला टाकतात. आता तसंच पद पुन्हा निघालंय आणि साहेब म्हणतात, ओळखीत सांगा. लोक वाचतच नसतील तर टाकून उपयोग काय? आणि टाकलंच तर लिहू काय?»

ताई, जरूर टाका. पण त्याआधी ‘लोक वाचतच नाहीत’ हे वाक्य जरा बाजूला ठेवा. तुमचा तो जुना संदेश ज्याला नोकरी हवी आहे त्याच्या डोळ्यांनी एकदा वाचून बघा. ‘पदवीधर’ म्हटलं की इतिहासाचा पदवीधरही आला आणि विज्ञानाचाही. ‘२ वर्षे अनुभव’ म्हणजे कशाचा, हे लिहिलेलंच नाही, मग दुकानाच्या काउंटरवर २ वर्षं काढलेल्या मुलाने पाठवलं तर त्याचं काय चुकलं? ‘अकाउंट्समध्ये’ हा शब्द त्याला दिसला असेलच, पण अनुभव कुठला चालेल हे कळलं नाही तर माणूस पाठवून बघतोच, कारण पाठवण्यात त्याचं काही जात नाही. त्या ५७ जणांनी तुमचा संदेश नीट वाचला होता. तो वाचून ‘हे माझ्यासाठी नाही’ असं कुणाला ठरवता येण्यासारखं त्यात काही नव्हतं, एवढंच.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात काढली आहेत, म्हणून पहिल्यांदा पात्रतेबद्दलच बोलते. सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

कंपनीच्या जाहिरातीत पात्रतेची १०-१२ कलमं असतात. त्यातली निम्मी जुन्या जाहिरातीवरून उचललेली असतात. ज्यांच्यावाचून अर्ज खरोखर बाजूला पडतो अशा अटी फार तर ३-४ असतात. त्या कोणत्या, हे जाहिरातीवरून कळत नाही, एचआरलाही दरवेळी माहीत नसतं. ते माहीत असतं ज्यांच्या हाताखाली माणूस हवा आहे त्यांना. म्हणजे तुमच्या साहेबांना. ग्रुपवर लिहिण्याआधी त्यांच्यापाशी दहा मिनिटं बसा आणि सरळ विचारा : पहिल्या आठवड्यात या माणसाच्या टेबलावर कोणतं काम येणार? काय येत नसेल तर तुम्ही अर्ज पुढे वाचणारच नाही? आणि काय येत नसेल तर शिकवायची तुमची तयारी आहे?

तुमच्या पत्रात पदाचा नेमका तपशील नाही. समजा, पुरवठादारांच्या बिलांचं काम आहे. मग साहेब बहुधा सांगतील की आलेलं बिल खरेदी ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून बघता आलं पाहिजे. ऑर्डर १०० नगांची, गोदामात उतरले ९६ आणि बिल आलं १०० चं, तर ते बिल तसंच पुढे सरकवायचं नाही, अडवून विचारायचं, हे ज्याने केलंय तो माणूस त्यांना हवा असतो. आता ‘२ वर्षे अनुभव’ आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघा. १ वर्षच झालेल्या पण रोज हेच काम करणाऱ्या मुलीला तुमच्या पहिल्या संदेशाने घरी बसवलं असेल. ५ वर्षं फक्त पगारपत्रकं केलेल्या माणसाला मात्र त्याच संदेशाने आशा लावली. साहेबांना विचारा, १ वर्ष चालेल का? पुष्कळदा उत्तर ‘काम येत असेल तर चालेल’ असं येतं. पण ते तोंडी राहू देऊ नका. १ वर्ष चालणार असेल तर एचआरला सांगून जाहिरातीतही तसा बदल करून घ्यायला सांगा, कारण अर्जाची पहिली चाळणी बरेचदा एचआरमधलं कुणीतरी जाहिरात समोर ठेवूनच करतं. तुमचा संदेश एक सांगतोय आणि जाहिरात दुसरंच, असं झालं की मार बसतो तो अर्ज करणाऱ्याला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. पात्रतेत स्वतःची भर घालू नका. ‘मुलगी असेल तर बरं’, ‘पस्तिशीच्या आतले’, ‘आपल्यातलाच कुणी असावा’ अशी वाक्यं मंडळाच्या ग्रुपवर प्रेमाने, सहज लिहिली जातात. कंपनीने तसं काही म्हटलेलं नसतं, पण वाचणाऱ्याला ती कंपनीचीच अट वाटते. बेचाळीस वर्षांची एखादी अनुभवी बाई ते वाचून गप्प बसते, आणि ती गप्प बसली हे तुम्हाला कधी कळतही नाही. शिवाय संदेशाखाली तुमचं नाव आणि कंपनीचं नाव एकत्र असतं, त्याचा जाब उद्या तुम्हालाच विचारला जाईल.

आता अर्ज कसा करायचा, याकडे येऊ. ‘मला बायोडेटा पाठवावा’ या ओळीमागे तुमचा हेतू चांगलाच होता : लोकांची खटपट वाचावी, आपण आत पोचवावं. पण मधे माणूस आला की अर्ज लवकर पोचतो, हा समज तपासून बघायला हवा. बहुतेक मध्यम-मोठ्या कंपन्यांत अर्ज भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदले जातात. प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि अर्ज त्या क्रमांकाखाली जातो. मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते त्या यादीतून ठरतं. तुम्ही मेलला जोडलेले ५७ बायोडेटा त्या यादीत आपोआप जात नाहीत. कुणीतरी बसून ते एकेक करून भरावे लागतात, आणि ते ‘कुणीतरी’ त्याच वेळी आणखी ८-१० जागांच्या मागे असतं.

माझ्याच हातून हे एकदा झालं आहे. एका ओळखीच्या मुलाचा बायोडेटा मी भरतीतल्या मैत्रिणीला थेट मेल केला आणि त्याला म्हटलं, पोचवलाय, आता काळजी करू नकोस. मैत्रीण रजेवर होती. मुलगा माझ्या शब्दावर विसंबून तीन आठवडे थांबला, त्याने स्वतः अर्ज केला नाही, आणि तेवढ्यात जागा भरली. तो मला काही बोलला नाही, पण तेव्हापासून मी कुणालाही ‘माझ्याकडे दे’ म्हणत नाही. तुमच्या ५७ जणांचंही हेच झालं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. ते नाकारले गेले असं नव्हे, त्यांचे अर्ज बहुधा झालेच नाहीत. म्हणून आधी एचआरला एवढंच विचारा की ते बायोडेटा सिस्टिममध्ये चढले होते का. उत्तर काहीही येवो, ते कळणं तुम्हाला त्या काकूंना उत्तर द्यायलाही लागेल.

तेव्हा आता अर्ज करणाऱ्याने कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः अर्ज भरायचा. अर्ज पोचला की सिस्टिम बहुधा पोच म्हणून मेल पाठवते. ती मेल त्याच्याच हातात असते, त्यामुळे तुमच्यामागे ‘पोचला का हो?’ म्हणून फिरावं लागत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. ग्रुपवर माहिती देणं वेगळं आणि कंपनीत एखाद्याचं नाव सुचवणं, ज्याला रेफरल म्हणतात, ते वेगळं. रेफरलसाठी बहुतेक ठिकाणी तुम्हाला कंपनीच्या आतल्या पानावर त्या उमेदवाराचं नाव आणि ईमेल भरावं लागतं, मग त्याला लिंक जाते आणि त्या लिंकवरून तो अर्ज करतो. त्याने आधीच स्वतः अर्ज केला असेल, तर त्याच ईमेलवर सिस्टिमला तो जुना उमेदवार म्हणून दिसतो, आणि पुष्कळ कंपन्या मग तुमचं नाव रेफरल म्हणून धरत नाहीत. काही ठिकाणी मागच्या ६ महिन्यांत किंवा वर्षभरात केलेला अर्जही आड येतो. म्हणून क्रम सांभाळावा लागतो : ज्याचं नाव तुम्ही सुचवणार, त्याचं आधी सुचवा आणि लिंक आल्याशिवाय अर्ज करू नकोस असं त्याला सांगा. बाकी सगळ्यांनी थेट अर्ज करायचा. तुमच्याकडचा नियम नेमका काय आहे, ते एचआरला एका ओळीत विचारून घ्या.

आणि सुचवायचं कुणाला? ज्याचं काम तुम्ही पाहिलं आहे त्याला. रेफरलच्या पानावर ‘या व्यक्तीला कसे ओळखता’ असा प्रश्न बरेचदा असतो. तिथे ‘मंडळात आहेत, कामाचा अनुभव नाही’ असं खरं लिहावं लागणार असेल, तर ते नाव सुचवू नका, नुसती माहिती द्या. ४०० जणांच्या ग्रुपात असे तुम्हाला दोघे-तिघेच सापडतील आणि त्यात काही वावगं नाही. हे ग्रुपवर उघड लिहिलं की आग्रहही कमी होतो.

लिहिण्याआधी आणखी एक खात्री करून घ्या. जागा बाहेरच्यांसाठी खुली आहे ना? काही जागा पहिले काही दिवस फक्त आतल्या कर्मचाऱ्यांसाठी असतात. कंपनीच्या वेबसाइटवर, लॉगिन न करता, त्या क्रमांकाने जाहिरात दिसत असेल तर ती खुली आहे असं समजायला हरकत नाही. दिसत नसेल तर साहेबांनी ‘ओळखीत सांगा’ म्हटलं तरी थांबा आणि एचआरला विचारा. पगाराचंही तसंच. कंपनीने आकडा जाहिरातीत दिला असेल तर जरूर लिहा, त्याने निम्मे प्रश्न वाचतात. दिला नसेल तर आतून माहीत असलेला आकडा लिहू नका.

मग संदेश साधारण असा होईल. तपशील मी कल्पनेने भरले आहेत, तुम्ही तुमचे घाला :

‘मी जिथे काम करते त्या कंपनीत (इथे कंपनीचं पूर्ण नाव) हिशेब विभागात १ जागा आहे. जागेचा क्रमांक FIN-0417.
काम : पुरवठादारांची बिलं खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळवणे, फरक शोधणे, पेमेंटची यादी करणे.
हे हवंच : वाणिज्य शाखेची पदवी (निकाल लागलेला), पुरवठादारांच्या बिलांचं काम किमान १ वर्ष स्वतः केलेलं, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवता येणं.
नसेल तरी अर्ज करा : अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा अनुभव. इथे शिकवतात.
रोज ऑफिसला यावं लागतं. महिनाअखेरीला ३-४ दिवस उशीर होतो.
अर्ज : कंपनीच्या वेबसाइटवर करिअर विभागात FIN-0417 शोधून तिथेच भरा. शेवटची तारीख शुक्रवार, २० मार्च २०२६. त्यानंतर हा संदेश पुढे पाठवू नका.
निवडीत माझा सहभाग नाही, म्हणून मला बायोडेटा पाठवू नका, ग्रुपवरही टाकू नका. ज्यांचं काम मी स्वतः पाहिलं आहे त्यांचंच नाव मी कंपनीत सुचवू शकते. अर्जासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. कामाबद्दल शंका असेल तर इथेच विचारा, सगळ्यांना उत्तर कळेल.’

‘स्वतः केलेलं’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. ‘माहिती असावी’ असं लिहिलं की परीक्षेपुरतं वाचलेलाही स्वतःला पात्र समजतो. ‘निकाल लागलेला’ या शब्दांमुळे शेवटच्या वर्षाची मुलं वेगळा प्रश्न न विचारता समजून जातात. महिनाअखेरीच्या उशिराची ओळ लोक लाजून गाळतात, पण घरी लहान मूल असलेल्या आईला किंवा शेवटच्या बसवर अवलंबून असलेल्याला तीच ओळ सर्वांत आधी हवी असते. ती नंतर, मुलाखतीत कळली तर तिचा एक दिवस वाया जातो आणि तुमच्या साहेबांचाही.

तारीख महिना-वर्षासकट लिहा. ‘या शुक्रवारपर्यंत’ हे शब्द पुढे पाठवलेल्या संदेशात दर आठवड्याला नव्याने खरे वाटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि तुम्ही बदलला तरी दुसऱ्याने पुढे पाठवलेली प्रत बदलत नाही. म्हणजे तुमचा संदेश कुठेतरी सहा महिन्यांनीही फिरत असेल हे धरूनच लिहायचं. याच कारणाने पोस्टरचं चित्र करून टाकू नका. चित्रातली लिंक दाबता येत नाही, क्रमांक सहज कॉपी करता येत नाही आणि ज्यांचा फोन संदेश वाचून दाखवतो त्यांना तर त्यातलं बरेचदा काहीच ऐकू येत नाही. साधा मजकूर टाका.

तुमचा किंवा एचआरमधल्या कुणाचा वैयक्तिक नंबर मजकुरात घालू नका. नोकरीचा संदेश उचलून त्यात दुसराच नंबर टाकायचा आणि ‘नोंदणी फी’, ‘प्रशिक्षणाचे पैसे’ म्हणून रक्कम उकळायची, हा फसवणुकीचा जुना आणि अजून चालणारा मार्ग आहे. मूळ संदेशात कुठलाच नंबर नसला, अर्ज फक्त कंपनीच्या वेबसाइटवर असला आणि पैशांची ओळ स्पष्ट असली, तर बदललेली प्रत समोर आल्यावर लोकांना ताडून तरी बघता येतं. वेबसाइटचा पत्ताही पूर्ण द्या, छोटी केलेली लिंक नको, कारण ती कुठे नेते ते दिसत नाही.

तारीख उलटली की त्याच संदेशाला उत्तर म्हणून एक ओळ टाका : ‘FIN-0417 साठी अर्ज बंद झाले.’ जागा भरली हे कळलं तर तेही लिहा. निवड कुणाची झाली, कुणाचं का झालं नाही, यावर तुम्हाला आतून काही कानावर आलं तरी ते ग्रुपवर किंवा खासगीतही सांगू नका. कुणी विचारलंच, तर त्यांच्या अर्जाबद्दल फक्त एचआर सांगू शकतं, म्हणजे त्यांनी पोच म्हणून आलेल्या मेलवरून विचारावं.

राहिले ते ५७ जण. नवा संदेश टाकण्याआधी त्यांच्यासाठी ग्रुपवर चार ओळी लिहा. एचआरकडून कळेल ते खरं लिहा. बायोडेटा सिस्टिममध्ये चढले नसतील तर तसं सांगा : ‘मागच्या वेळी मी तुमचे बायोडेटा मेलने पाठवले, पण त्याने अर्जाची नोंद होत नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला उत्तर मिळालं नाही ते त्यामुळे. या वेळी खाली दिल्याप्रमाणे थेट अर्ज करा.’ काकूंच्या वाक्याला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही, मात्र त्यांना स्वतंत्र फोन करा. बहुधा त्यांच्या घरातल्याच कुणाचा बायोडेटा त्यात असेल.

त्यानंतर फोनमधले आणि मेलमधले ते सगळे बायोडेटा पुसून टाका. त्यांत लोकांचे पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर आहेत, आणि ते त्यांनी एका जागेपुरते तुमच्याकडे दिले होते. फक्त पुसण्याआधी एकदा चाळून घ्या. आता तुम्हाला साहेबांना काय हवंय ते ठाऊक असेल. बिलं जुळवण्याचं काम केलेले त्यात तीन-चार जण तरी दिसतील, आणि त्यांना नव्या जागेचा क्रमांक तुम्ही स्वतःहून पाठवू शकता.